सोन्याची थांबलेली वर्षं

फलटण

चि. मृणाल हिस,



ताईचा फोन आला होता. बँकेतल्या दोन्ही ठेवी मोडून, त्यात यंदाचा बोनस घालून, सगळ्याचं सोनं घ्यायचं असं तू आणि जावईबापूंनी ठरवलं आहे, असं ती म्हणाली. ‘सोनं कधी बसून राहत नाही, मावशीला विचार,’ असंही तू तिला म्हणालीस म्हणे. विचारलंसच आहेस, तर सविस्तर लिहिते. फोनवर हे बोलणं अर्धवट राहील, आणि आकडे डोळ्यांपुढे असल्याशिवाय ते पटायचंही नाही.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं सोनेतारणाच्या काउंटरवर गेली. त्या जागेवर बसणाऱ्याला रोजचा भाव वहीत लिहावाच लागतो, कारण त्यावरच कर्जाची रक्कम ठरते. त्यामुळे सोनं वाढताना मी पाहिलं, तसं वर्षानुवर्षं एका जागी उभं राहिलेलंही पाहिलं. वाढीची वर्षं सगळ्यांच्या लक्षात राहतात. थांबलेल्या वर्षांबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडत नाही.

आधी तुझ्या लहानपणचं सांगते. १९९६ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा वर्षाचा सरासरी भाव पाच हजारांच्या थोडा वर, ५,१६० च्या आसपास होता. १९९८ मध्ये तो चार हजारांच्या जरा वर आला. २००१ मध्ये ४,३००. म्हणजे पाच वर्षं थांबून हाती काय, तर खरेदीच्या किमतीपेक्षा सोळा-सतरा टक्के कमी. त्याच १९९६ मध्ये बँका अकरा-बारा टक्के व्याज देत होत्या आणि पोस्टातलं किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट करत होतं. फलटणच्या पोस्टात त्यासाठी रांग लागायची. त्या रांगेतल्या माणसाचे दहा हजारांचे वीस हजार झाले, तेव्हा सराफाकडे गेलेल्याचे दहा हजार आठ हजार तीनशेच्या आसपास आले होते. घरात दागिना होता म्हणून त्याला ते जाणवलं नाही, एवढाच फरक.

जगाच्या बाजारातली कथा याहून लांब आहे. जानेवारी १९८० मध्ये लंडनला एका औंसाला ८५० डॉलर भाव लागला. अमेरिकेत महागाई भडकलेली, इराणमध्ये अमेरिकी ओलीस, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा, आणि लोक भीतीपोटी सोन्याकडे धावत होते. मग अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी व्याजदर जवळपास वीस टक्क्यांवर नेले. ठेवीवर एवढं व्याज मिळत असताना काहीच न देणारा धातू कोण सांभाळणार? भाव उतरत गेला तो १९९९ मध्ये अडीचशे डॉलरपर्यंत. ब्रिटनने तर आपल्या तिजोरीतलं निम्म्याहून अधिक सोनं त्याच तळाला विकायला काढलं. ८५० चा आकडा पुन्हा दिसला तो जानेवारी २००८ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी. आणि महागाई वजा करून पाहिलं, तर १९८० मध्ये त्या दिवशी घेणाऱ्याचे पैसे भरून यायला २०२५ साल उजाडावं लागलं. पंचेचाळीस वर्षं, मृणाल. तिशीत घेतलं असतं तर पंचाहत्तरीत हिशेब बरोबरीला आला असता.

तू म्हणशील, ते अमेरिकेत. आपल्याकडे १९८० ला १,३३० असलेला भाव २००१ मध्ये ४,३०० झालाच ना? झाला. पण कशामुळे, ते बघ. १९८० मध्ये एक डॉलर आठ रुपयांना मिळायचा, २००१ मध्ये सत्तेचाळीसला. सोनं आपण बाहेरून आणतो, त्यामुळे रुपया घसरला की जगात सोनं स्वस्त होत असतानाही आपल्याकडचा आकडा वाढतो. या एकवीस वर्षांत सोनं सव्वातीन पट झालं आणि किराणा, कापड, घरभाडं यांचा निर्देशांक पाच पटींहून अधिक झाला. आपल्या आईवडिलांच्या पिढीला वाटलं, सोनं वाढतंय. प्रत्यक्षात त्या सोन्यातून येणारा बाजारहाट दरवर्षी थोडा थोडा आटत होता. थांबलेली वर्षं आपल्याकडेही आली, पण ती रुपयाच्या घसरणीखाली झाकली गेली. आपल्या देशात हे ओळखणं म्हणूनच अवघड आहे. भाव किती झाला एवढंच बघून कळत नाही, त्याच काळात बाकी सगळं किती झालं तेही शेजारी मांडावं लागतं.

आता तुझ्या स्वतःच्या कमावत्या काळात ये. २०१२ ते २०१८. हा काळ मी काउंटरवरून रोज पाहिला, म्हणून जरा तपशिलाने लिहिते.

आपल्या भागात नीरा उजव्या कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे. ऊसबिलाचे पैसे खात्यावर जमा झाले आणि पुढे लग्नसराई असली, की पैसा सराफकट्ट्याकडे वळतो. समज, एका घराने २०१२ च्या अखेरीस पाच तोळ्यांच्या पाटल्या केल्या. हल्ली तोळा म्हणजे दहा ग्रॅमच धरतात, म्हणजे पन्नास ग्रॅम. चोख सोन्याचा भाव ३१,०००, तर बावीस कॅरेटचा साधारण २८,५००. सोन्याचे झाले १,४२,५००. घडणावळ बारा टक्के, १७,१००. वर व्हॅट सोळाशेच्या आसपास. एकूण १,६१,२०० रुपये गेले. पाटल्या घरी आल्या, पूजा झाली, कपाटात गेल्या.

सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, मुलाच्या शिक्षणासाठी त्या मोडायची वेळ आली. तेव्हा चोख सोन्याचा सरासरी भाव ३१,४०० च्या आसपास होता. आकडा बघून घरच्यांना वाटलं, चला, नुकसान तर नाही. बावीस कॅरेटने सोन्याची किंमत १,४४,००० झाली. मोडीत घेताना सराफाने घट धरून तीन टक्के कापले. हातात आले १,३९,७००. घडणावळ तर दाराबाहेर पडल्याक्षणीच गेलेली असते, ती परत मिळत नाही. म्हणजे सहा वर्षं थांबून साडेएकवीस हजारांचा तोटा, तोही महागाई न धरता. २०१२ मध्ये शंभर रुपयांना जे यायचं त्याला २०१८ मध्ये एकशे अडतीस लागत होते. तीच १,६१,२०० ची रक्कम तेव्हाच्या साडेआठ टक्क्यांच्या ठेवीत असती, तर व्याजावरचा कर सोडून, २,६६,००० च्या पुढे गेली असती.

आणि तरी या सहा वर्षांत भाव पडला असं आपल्याकडे कोणी म्हणालं नाही. कारण पुन्हा तेच झाकण. जगात सोनं २०१२ च्या सरासरीपेक्षा चोवीस टक्के खाली होतं. इकडे रुपया त्रेपन्नवरून अडुसष्टवर गेला. शिवाय व्यापारतूट आवरण्यासाठी सरकारने आयातशुल्क वाढवत वाढवत ऑगस्ट २०१३ मध्ये दहा टक्क्यांवर नेलं. २०१७ मध्ये तीन टक्के जीएसटी आला. रुपया आणि कर या दोघांनी मिळून आपला भाव उचलून धरला. पण करांचा टेकू कायमचा नसतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयातशुल्क एकदम पंधरावरून सहा टक्क्यांवर आणलं, तेव्हा एका दिवसात भाव काही हजारांनी उतरला, हे तुला आठवत असेल. तुझ्या कपाटातल्या सोन्याच्या किमतीत दिल्लीत ठरणारा असा एक भाग असतो, आणि तो काढून घेतला जाऊ शकतो.

आता माझ्या काउंटरचं. थांबलेल्या भावाचा खरा फटका ज्यांनी सोन्यावर कर्ज काढलं त्यांना बसतो. भाव चढता असला, की कर्जदार वर्षाने येतो, व्याज भरतो, आणि वाढलेल्या किमतीवर थोडी जास्त रक्कम उचलतो. त्याला वाटतं, सोनंच व्याज फेडतंय. २०११ पर्यंत पुष्कळ लोक असेच निभावून गेले. मग एप्रिल २०१३ मध्ये दोन दिवसांत जागतिक भाव तेरा टक्क्यांच्या आसपास कोसळला. ज्यांनी शंभराच्या सोन्यावर पंचाहत्तर-ऐंशी उचलले होते, त्यांचं तारण अपुरं पडायला लागलं. पत्रं गेली: फरक भरा, नाहीतर आणखी सोनं ठेवा. पण माझ्या मते त्या पडझडीपेक्षा पुढची शांत वर्षं जास्त महाग पडली. बारा टक्के व्याज दरवर्षी चालू, सोनं जागच्या जागी, आणि दर वर्षाला नूतनीकरण. सहा वर्षांत मुद्दलाच्या बहात्तर टक्के व्याज भरून शेवटी दागिना मोडीतच गेला, अशी खाती मी स्वतः बंद केली आहेत. त्या बायका दागिना शेवटचा हातात घेऊन बघायच्या तेव्हा काय बोलावं ते मला कधी सुचलं नाही. पहिल्याच वर्षी मोडला असता तर त्यांच्या घरात चार पैसे उरले असते.

या बाबतीत तुझ्या सासरकडे बघ. जावईबापूंचं घर विट्याकडचं, गलाईवाल्यांचं. खानापूर, आटपाडी, इकडे खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतून माणसं देशभर गेली. ज्या गावात सराफपेठ, तिथं आपल्याकडचा गलाईवाला भेटतोच. तुझे सासरे जुना दागिना मुशीत टाकतात, टाकणखार घालून वितळवतात, टंच काढतात, चांदी मिसळून तेजाबात खळखळवतात आणि मागे राहिलेलं चोख सोनं लगड करून परत देतात. दोन गोष्टी त्यांच्याकडून समजून घे. एक, जुन्या दागिन्यात डागाचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे बावीस म्हणून घेतलेलं सोनं मुशीतून पुष्कळदा कमी उतरतं. हॉलमार्क सक्तीचा झाला तो २०२१ मध्ये, त्याआधीच्या दागिन्याचा टंच मोडतानाच खरा कळतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सोन्याच्या इतक्या जवळ राहूनही या मंडळींचं घर भाववाढीवर चालत नाही. ते चालतं मजुरीवर. भाव चार हजार असो की लाख, आलेल्या मालाचं काम केलं की त्याचे पैसे. सकाळी घेतलेलं सोनं संध्याकाळी देऊन टाकायचं, अंगावर ठेवायचं नाही, अशी त्यांची रीत. भाव वर्षानुवर्षं हलला नाही तरी त्यांची चूल पेटत होती. तुमची पेटणार आहे का, भाव पाच-सहा वर्षं हलला नाही तर? दोन्ही ठेवी मोडल्यावर?

हे सगळं वाचून सोनं घेऊच नको असं मी म्हणते आहे असं समजू नकोस. थांबलेल्या वर्षांची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. २००१ मध्ये ४,३०० ला लोक कंटाळून सोनं मोडत होते, आणि तिथून अकरा वर्षांत ते सात पट झालं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने सुवर्णरोख्यांचा पहिला हप्ता काढला, ग्रॅमला २,६८४ रुपये. तेव्हा भाव तीन वर्षं मरगळलेला, म्हणून आमच्या शाखेत कोणी फारसं विचारलंही नाही. ज्यांनी घेतले त्यांना वर्षाला पावणेतीन टक्के व्याज मिळत राहिलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रॅममागे ६,१३२ रुपये हातात पडले. घडणावळ नाही, घट नाही. २०१२ चा खरेदीदार आणि २०१५ चा खरेदीदार, दोघांनीही धीर धरला. पण एकाने सगळे धावत असताना घेतलं आणि दुसऱ्याने कोणी विचारत नसताना.

आणि २०१२ च्या त्या पाटल्या मोडल्याच नसत्या तर? २०२४ च्या सरासरी भावाने, घट वजा जाऊन, साधारण ३,४६,००० आले असते. तीच रक्कम ठेवीत असती, पहिली सहा वर्षं साडेआठ आणि पुढची सहा साडेसहा टक्क्यांनी, तर ३,९३,००० झाली असती. चोख वेढणी घेतली असती तर सोनं आणि ठेव जवळपास बरोबरीत आली असती. व्याजावर कर कापला जातो, तो धरला तर सोनं पुढेही गेलं असतं, आणि २०२५ मध्ये तर ते चांगलंच पुढे गेलं. पण हे बघ, एवढ्या मोठ्या तेजीचं जे शेवटचं टोक आपल्याला दिसतं, त्या तेजीआधीची थांबलेली सहा वर्षं त्यात मोजली की बारा वर्षांचा हिशेब ठेवीच्या आसपास येतो. आज वर्तमानपत्रात गेल्या दोन वर्षांचा आकडा छापून येतो, तुमच्या डोळ्यांपुढे तोच आहे.

धीर धरणं म्हणजे काय, हेही मला तुला सांगायचं आहे. शेअर घेऊन थांबलं तर लाभांश येतो, ठेवीत व्याज येतं, घर असलं तर भाडं येतं. सोनं घेऊन थांबलं तर थांबण्याच्या काळात काहीही येत नाही, उलट लॉकरचं भाडं जातं. सगळा परतावा एका गोष्टीवर अवलंबून: पुढे कोणी तरी तुझ्यापेक्षा जास्त पैसे द्यायला तयार होईल का. इतिहास सांगतो की बहुतेकदा होतं, पण त्याला पाच वर्षं लागतील की वीस, ते आधी कोणालाही कळलेलं नाही. १९८० मध्ये कळलं नाही, २०१२ मध्येही नाही. म्हणून सोन्यात घालायचा पैसा असा हवा, की ज्याची दहा वर्षं आठवण काढावी लागू नये. तुमच्या या दोन ठेवी तशा आहेत का? एक तुमच्या छोटूच्या शाळेसाठी आहे, असं तूच मला गेल्या गणपतीत सांगितलं होतंस. शाळेची फी भाव वाढायची वाट बघत नाही.

सध्या भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला आहे. पुढच्या वर्षी तो आणखी वर असेल की नाही, हे मी सांगणार नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. आज घेतलेलं सोनं सात वर्षं इथंच राहिलं, तर तुमचं घर अडेल का, एवढंच तुम्ही दोघांनी बसून तपासा. अडणार असेल तर रक्कम कमी करा, अडणार नाही इतकी.

माझं मत विचारशील, तर ठेवी मोडू नका. बोनसमधून सोनं घ्या, पण एकदम नाही. दर तिमाहीला थोडं थोडं, दोन-तीन वर्षांत विभागून, म्हणजे तेजीच्या टोकाला सगळी रक्कम अडकणार नाही. एकूण बचतीच्या दहा ते पंधरा टक्क्यांच्या पुढे सोनं जाऊ देऊ नका. तुला गळ्यात घालायला हवं असेल तर दागिना जरूर कर, तो हौसेचा खर्च आहे, त्याला गुंतवणूक म्हणू नकोस. गुंतवणूक म्हणून घ्यायचं तर हॉलमार्क असलेली चोख वेढणी किंवा नाणं घे, नाहीतर डीमॅट खात्यातून गोल्ड ईटीएफ. सरकारचे नवे सुवर्णरोखे फेब्रुवारी २०२४ नंतर निघालेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, पण सोन्याच्या भावापेक्षा महाग पडत नाहीत ना ते बघून घ्यावेत. आणि घेतलेल्या सोन्यावर कर्ज काढून पुन्हा सोनं घ्यायचं, असं कोणी सुचवलं तर त्याला सरळ नाही म्हणा.

हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. सासऱ्यांनाही विचारा, त्यांनी स्वतःच्या घरासाठी सोनं कधी आणि किती घेतलं. दोन्ही ठेवींची मुदत कोणत्या तारखेला संपते ते मला कळव, आणि तोपर्यंत त्या मोडायला बँकेत जाऊ नका.

तुझी,
मावशी